मदत हवी आहे: भाड्यात ५०० रुपये सूट, पण "किरकोळ दुरुस्त्या तुम्हीच करा" म्हणतात. हो म्हणू का?

मीनल_दे
नमस्कार. धुळ्यात, देवपूर भागात, भाड्याने घर घेतलंय. मालक म्हणतात महिन्याला ५०० कमी करतो, पण घरातल्या किरकोळ दुरुस्त्या तुम्ही करायच्या, मला फोन करायचा नाही. नवरा म्हणतो घेऊन टाक, वर्षाचे सहा हजार वाचतात, नळाचे वॉशर काय मी बदलीन. मला काहीतरी खटकतंय पण काय ते सांगता येत नाही. उद्या सकाळी ११ वाजता अंगठा द्यायचा आहे. प्लीज आज रात्रीच सांगा, घ्यावं की नाही. एवढंच.

कायद्याने_बोला
अजिबात घेऊ नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम १४. घर दुरुस्त ठेवणं ही मालकाची जबाबदारी. मालकाने नाही केलं तर तुम्ही करायचं आणि सरळ भाड्यातून कापायचं. सूट वगैरे घेऊन आपला हक्क कशाला सोडता? उद्या सही करू नका, त्यालाच नोटीस द्या.

आप्पा_पारोळेकर
अजून राहायला गेली नाही आणि नोटीस द्या! वा. मी स्वतः घरमालक आहे, तीन खोल्या भाड्याने आहेत. बल्ब गेला, आप्पा. नळ टपकतो, आप्पा. रात्री साडेदहाला फोन येतो की बेसिन तुंबलं, आणि जाऊन बघावं तर आत भाताची शितं. तो माणूस पाचशे रुपये सोडतोय ते त्याच्या डोक्याच्या शांतीचे. ताई, घेऊन टाक. तुझा नवरा शहाणा आहे.

शिरपूरची_सून
आमच्याकडेही असंच झालं होतं. आमचे भाडेकरू एकही दुरुस्ती करायचे नाहीत, शेवटी सोडून गेले तेव्हा फ्लश टँकचं झाकणसुद्धा नव्हतं. मीनलताई, तुम्ही भाडेकरूकडून आधीच तीन महिन्यांचं डिपॉझिट घ्या, ऐकू नका.

मीनल_दे
@शिरपूरची_सून मी भाडेकरू आहे हो, मालक नाही.

मुद्रांकवाले_नाना
ताई, भाडं किती, करार किती महिन्यांचा, घर किती जुनं आणि "किरकोळ" हा शब्द करारात कसा लिहिलाय ते सांगा. मी बावीस वर्षं दस्त लिहीत होतो. पाचशे बरे की वाईट ते त्या एका शब्दावर ठरतं, बाकी सगळं नंतर.

मीनल_दे
भाडं ८५००, सूट दिल्यावर ८०००. अकरा महिने. घर बारा-पंधरा वर्षांचं असेल, खालचा मजला. मसुदा व्हॉट्सअॅपवर आलाय, त्यात असं आहे: "सदर जागेतील सर्व किरकोळ दुरुस्त्या, नळ, वीज, मोटर इत्यादी, भाडेकरू स्वखर्चाने करील." अजून काय सांगू, साधं घर आहे.

रिवाइंडिंगवाला
ताई थांबा. मोटर?

माझं पारोळा रोडला वाइंडिंगचं दुकान आहे. हाई आपलं रोजनं काम शे. मोटर किरकोळ नसते. तीन गोष्टी सांगा. पाणी कितव्या दिवशी येतं, मोटर हौदावर आहे की सरळ लाइनवर, आणि ती चालू-बंद कोण करतं?

एचआरए_मास्तर
एक वेगळाच मुद्दा. ८५०० चे वर्षाला १,०२,००० होतात आणि ८००० चे ९६,०००. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की घरभाडे भत्त्याची वजावट घेणाऱ्या नोकरदाराला ऑफिसात मालकाचा पॅन द्यावा लागतो. मालकाला पॅन द्यायचा नसेल म्हणून त्याने बरोबर पाचशेच कमी केले असतील. चारशे केले असते तरी ९७,२०० झाले असते म्हणा. पण विचार करा.

आप्पा_पारोळेकर
घ्या. आता मालक चोर पण झाला.

मीनल_दे
@एचआरए_मास्तर आम्ही नवीन करपद्धतीत आहोत, आम्हाला ती वजावटच नाही. @रिवाइंडिंगवाला पाणी चौथ्या दिवशी येतं, हौदात पडतं, तिथून मोटरने गच्चीवरच्या टाक्यांत. मोटर मालकांचा मुलगा लावतो पहाटे, ते वर राहतात ना.

रिवाइंडिंगवाला
वर राहतात? म्हणजे एकाच मोटरने त्यांचीही टाकी भरते?

मीनल_दे
हो, दोन टाक्या आहेत, एक त्यांची एक आमची. सगळीकडे असंच असतं ना. मला वाटलं हे सांगायची गरज नाही.

मुद्रांकवाले_नाना
ताई, हीच गोष्ट पहिल्या ओळीत हवी होती.

आप्पा_पारोळेकर
हं. हे मला माहीत नव्हतं. वरचा मालक त्याच मोटरचं पाणी पितो आणि दुरुस्ती खालच्याने करायची, हे मीसुद्धा करणार नाही.

रिवाइंडिंगवाला
आता ऐका, मोटर का जळते ते सांगतो, म्हणजे कोणाच्या चुकीने खर्च येईल ते कळेल.

आमच्याकडे येणाऱ्या घरगुती अर्ध्या हॉर्सपॉवरच्या मोटरींत जास्त भरणा कोरड्या चाललेल्यांचा असतो. पहाटे लावली, माणूस परत झोपला, हौद संपला, मोटर फिरतेच आहे. पंपातलं सील आतल्या पाण्यानेच गार राहतं. पाणी संपलं की आधी तेच तापून कडक होतं. त्या दिवशी काही कळत नाही. पुढच्या वेळी त्या सीलमधून थेंब थेंब पाणी वाइंडिंगकडे जातं आणि मग एक दिवस जळक्या रोगणाचा वास येतो. म्हणजे जळते त्या दिवशी ज्याने बटण दाबलं त्याची चूक नसते, चूक महिनाभर आधीची असते. आता बोला, मुलाने पहाटे विसरलं आणि जळाली तुमच्या वर्षात, तर कोण भरणार?

दुसरं कारण व्होल्टेज. पाणी आलं की अख्ख्या गल्लीत एकाच वेळी मोटरी चालू. व्होल्टेज पडलं की मोटर जास्त करंट ओढते आणि तापते. यात तुम्हीही काही करू शकत नाही, मालकही नाही.

मी अर्ध्या हॉर्सपॉवरचं वाइंडिंग तांब्याच्या तारेत १४०० ला करतो, सील धरून. एकदा जळाली की तुमची जवळजवळ तीन महिन्यांची सूट गेली. दोनदा जळाली तर साडेपाच महिन्यांची.

कायद्याने_बोला
म्हणूनच म्हणतोय, कलम १४! करू द्या त्याला, नाही केलं तर भाड्यातून कापा.

मुद्रांकवाले_नाना
दादा, कलम बरोबर आहे पण अर्धंच वाचलंय. आधी मालकाला किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यावी लागते. तेवढ्यात नाही केलं तर भाडेकरूने करायचं, आणि एका वर्षात कापायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाच्या वर जाता कामा नये. आता विचार करा, मे महिना, पाणी चौथ्या दिवशी, मोटर जळाली. पंधरा दिवस नोटिशीची वाट बघत बसणार का ही बाई? आणि हा लिव्ह अँड लायसन्सचा करार आहे. जुन्या भाडेकरूचं कलम त्याला जसंच्या तसं लागू होईल असं धरून पैसे कापायला जाऊ नका, भांडण ओढवून घ्याल. आधीच कागदावर नीट लिहिलं तर कलमापर्यंत जायची वेळच येत नाही.

कायद्याने_बोला
कागदावर नसेल तर उलट भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. कलम ५५.

मुद्रांकवाले_नाना
ते लेखी नोंदलेला करारच नसेल तेव्हा, आणि मालकाने उलटं सिद्ध केलं नाही तर. इथे करार आहे आणि त्यात "स्वखर्चाने" असं लिहिलंय. मग तुमचं ५५ त्यांच्या उपयोगाचं नाही.

शिरपूरची_सून
पण ताई वीजसुद्धा लिहिलीय ना त्यात? मला आठवलं म्हणून सांगते. आमच्या आधीच्या भाड्याच्या घरात कूलरला हात लावला की झिणझिण्या यायच्या. मालक म्हणाले प्लग उलटा करून बघा. सासरे चप्पल घालून पाणी भरायचे. दोन वर्षं असंच. नंतर वायरमन आला तेव्हा कळलं की बोर्डात अर्थिंगची तार लावलेलीच नाही, भोक फक्त दिसायला तीन.

रिवाइंडिंगवाला
@शिरपूरची_सून हे फार महत्त्वाचं बोललात. प्लग उलटा करणं म्हणजे नुसता खेळ आहे, दोष तसाच राहतो. कूलरचा पत्रा, खाली पाणी, ओले पाय, माणूस जातो. मीनलताई, मार्चमध्ये कूलर लावणार ना? त्याआधी वायरमनला सांगून बोर्डाच्या फेज आणि अर्थिंगमध्ये बल्ब लावून बघायला सांगा. बल्ब नीट पेटला नाही तर अर्थिंग नाही किंवा नावाला आहे. हे स्वतः करू नका, नवऱ्यालाही करू देऊ नका. मीटरपाशी गळती पकडणारा ब्रेकर आहे का तेही बघायला सांगा. यातलं काहीही "किरकोळ"मध्ये घेऊ नका. घरातली वायरिंग आणि अर्थिंग मालकाचीच. बल्ब, ट्यूब, पंख्याचा कंडेन्सर एवढंच तुमचं.

आप्पा_पारोळेकर
कूलरवरून आठवलं, यंदा खसचे पॅड कुठे चांगले मिळतात? मागच्या वेळी घेतले ते महिन्यात गळाले.

मीनल_दे
आप्पा, पॅड नंतर. नाना, मग नक्की काय लिहायला सांगू? मला वकिली भाषा येत नाही आणि मालक वयस्कर आहेत, भांडायचं नाही. एक सांगायचं राहिलं, मोटर बहुतेक आमच्या मीटरवर आहे. नवरा आत्ता खाली जाऊन बघून आला.

एचआरए_मास्तर
काय सांगता! मग तर विजेचाही खर्च तुमचा.

रिवाइंडिंगवाला
घाबरू नका, ती रक्कम छोटी आहे. अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर तासाला साधारण अर्धा ते पाऊण युनिट खाते. चौथ्या दिवशी दोन तास म्हटलं तर महिन्याला पंधरा तास, म्हणजे दहा युनिटांच्या आतबाहेर. त्यातली निम्मी त्यांची. त्यावरून वाद घालू नका. पण मोटर तुमच्या मीटरवर आहे म्हणून "तुमची मोटर" असं उद्या कोणी म्हणू नये, म्हणून ती कोणाची ते लिहून घ्या.

मुद्रांकवाले_नाना
ताई, वकिली भाषा नको. साधं लिहा. "सर्व किरकोळ दुरुस्त्या" हे शब्द काढायचे आणि त्या जागी रकमेची हद्द घालायची. मी असं लिहायचो:

"एका वेळच्या एका दुरुस्तीचा खर्च मजुरी व सामान धरून ४०० रुपयांपर्यंत असल्यास ती भाडेकरू करील. खर्च त्याहून जास्त असल्यास संपूर्ण दुरुस्ती मालक करील. भिंतीतील पाइप, वायरिंग, अर्थिंग, स्लॅबची गळती व सामायिक मोटर यांची दुरुस्ती रक्कम कितीही असली तरी मालकाची."

यात "संपूर्ण" हा शब्द सोडू नका. तो नसेल तर मालक म्हणतात पहिले चारशे तुमचे, वरचे माझे. मग हजाराच्या प्रत्येक कामात तुमचे चारशे जातात आणि चार कामांत १६०० होतात. दोन्ही पद्धती चालतात, पण कोणती ते आधी ठरलेलं हवं.

आणि वर्षाचीही हद्द घाला. अकरा महिन्यांत सूट ५५०० होते. तुमच्या खिशातून ३००० च्या वर गेले की पुढचं मालकाचं. उरलेले अडीच हजार तुमच्या धावपळीचे. प्लंबरला फोन करणं, तो सांगून न येणं, सुटीचा दिवस घालवणं, याचे पैसे कोण मोजतं? त्या पाचशेत ते धरलेलेच नसतात.

आप्पा_पारोळेकर
नाना, भाडेकरूने मुद्दाम चारशे एकचं बिल आणलं तर?

मुद्रांकवाले_नाना
आणतील ना. म्हणून चारशेच्या वरचं काम असेल तर आधी मालकाला फोटो पाठवायचा. त्याला हवा तर त्याने स्वतःचा प्लंबर आणावा. मात्र दोन दिवसांत आणावा, हेही लिहा.

आप्पा_पारोळेकर
दोन दिवसांत प्लंबर? आखाजीच्या आठवड्यात? या करून दाखवा.

मुद्रांकवाले_नाना
तीन लिहा. आप्पा खूश.

आखाजीचा विषय निघालाच तर सांगतो. गावाकडे आखाजीला सालदाराचं साल ठरायचं तेव्हा धान्य किती, कपडे किती, कोणतं काम त्याचं आणि कोणतं नाही, हे सगळ्यांसमोर बोललं जायचं. "सगळी किरकोळ कामं" असं कोणी ठरवायचं नाही, कारण शेतात किरकोळ काम कधी संपत नाही. ताई, हा मसुदा बघून मला वाटलं मालकाने तुम्हाला पाचशे रुपये महिन्याने सालदार ठेवलंय.

कायद्याने_बोला
हे पटलं.

रिवाइंडिंगवाला
अजून एक. अंगठा द्यायच्या आधी उद्या सकाळी घरातून एक चक्कर मारा, फोन हातात घेऊन. आपल्या भागातल्या पाण्याला क्षार फार, नळाच्या तोंडाशी पांढरा थर दिसेल. दिसला तर नळ आतून झिजलेला असू शकतो. नुसतं वॉशर बदललं तर पंधरा दिवसांत परत टपकतो, लोक वॉशरवर वॉशर बदलतात. फ्लश टँक भरल्यावर कमोडमध्ये बारीक धार चालू आहे का बघा. खोलीतल्या सगळ्या बोर्डांचा व्हिडिओ काढा. मोटर एकदा लावून बघा. गुं गुं करते आणि फिरत नाही असं झालं तर लगेच बंद करा, ती बहुतेक जळालेली नसते. चार दिवस उभी राहून क्षाराने जाम होते किंवा कंडेन्सर गेलेला असतो. मेन स्विच बंद करून मागच्या खाचेत स्क्रू ड्रायव्हर घालून फिरवली आणि मग चालली तर जाम होती. परत परत तसंच झालं तर कंडेन्सर. तो शंभराच्या आत येतो. कोणी "जळाली" म्हणून दीड हजार सांगितले तर आधी वास घ्या.

शिरपूरची_सून
आणि मालकाला विचारा मागच्या वर्षी मोटरला किती खर्च झाला. सूट का देताहेत ते तिथेच कळेल.

एचआरए_मास्तर
उत्तम प्रश्न. आणि भाडं करारात ८००० लिहिताय की ८५०० लिहून तोंडी ५०० सोडताय?

मीनल_दे
मसुद्यात ८५०० आहे. सूट तोंडी, "मी तुमच्याकडून आठच घेत जाईन" असं म्हणाले.

मुद्रांकवाले_नाना
मग दुरुस्त्या कागदावर आणि सूट तोंडी! ताई, घर सोडताना "अकरा महिन्यांचे ५५०० बाकी आहेत" म्हणून डिपॉझिटमधून कापले तर काय दाखवाल? एक तर भाडं ८००० लिहा, नाहीतर "८५०० पैकी ५०० दरमहा सूट" असं तरी लिहा. मुद्रांकात फरक पडेल म्हणून कोणी नको म्हणालं तर सांगा, शुल्क पाव टक्का आहे. साडेपाच हजारांवर चौदा रुपयेसुद्धा होत नाहीत, तेही कमी होतात, वाढत नाहीत.

मीनल_दे
सगळ्यांना धन्यवाद. नवरा झोपलाय, सकाळी बोलते मालकांशी.

मीनल_दे (दुसऱ्या दिवशी)
झालं. म्हणजे अर्धं झालं. मोटरचा विषय काढला तर काकू आतूनच म्हणाल्या, "दोनदा जळाली म्हणून भरून आणली यंदा, त्याच्यामुळेच तर." काका गप्प. मग मुलगा आला आणि म्हणाला मोटर आमची, ती आम्ही बघू. ते लिहिलं. वायरिंग आणि अर्थिंगही लिहिलं, त्याला काही हरकत नव्हती. चारशेची हद्द मानली, पण "संपूर्ण" नाही, पहिले चारशे आमचेच. वर्षाच्या हद्दीला नाही म्हणाले, म्हणे तेवढा विश्वास ठेवा. आणि एवढं काढून घेतलं म्हणून सूट ५०० ची ३०० केली. करारात भाडं ८२०० लिहिलं. अंगठा दिला.

नवरा म्हणतो तू दोनशे रुपये महिना घालवलेस. आता काय सांगू त्याला?

रिवाइंडिंगवाला
दोनशे गुणिले अकरा बावीसशे. दोनदा मोटर भरली तर अठ्ठावीसशे. हे सांगा. आणि नळाला थर होता का?

मीनल_दे
होता. तिन्ही नळांना. व्हिडिओ काढलाय.

मुद्रांकवाले_नाना
वर्षाची हद्द सोडायला नको होती. "पहिले चारशे" असेल तर ती हद्द जास्तच लागते. असो, नूतनीकरणाच्या वेळी बघा. बिलं एका पाकिटात ठेवा.

आप्पा_पारोळेकर
मुलगा बरा निघाला. पॅडचं कोणी सांगेल का?

शिरपूरची_सून
आप्पा, खसचे घेऊ नका, लाकडी भुशाचे घ्या, आमचे दोन सीझन गेले.

आप्पा_पारोळेकर
भुशाला वास येतो.